घडीताई बोलायला उभी राहिली

घडीताईच्या हातात कागद पडला की तो साधा कागद राहायचा नाही. बसचं तिकीट असो की किराणा दुकानाची पावती, बोलता बोलता तिची बोटं चालायची आणि थोड्या वेळानं टेबलावर एक चिमुकला खोका उभा असायचा, झाकणासकट.

हाच तिचा व्यवसाय होता. पुठ्ठ्याचे खोके बनवणाऱ्या कारखान्यात ती नमुने तयार करायची. गिऱ्हाईक सांगायचं, आम्हाला आरसे पाठवायचेत, दिवे पाठवायचेत. मग पुठ्ठा कुठे कापायचा, कुठे दुमडायचा आणि आतली वस्तू धक्क्यापासून कशी वाचवायची, हे ती ठरवायची. कारखान्यात सगळे तिला घडीताई म्हणायचे, आणि हळूहळू तिचा नवराही म्हणायला लागला.

पण लोकांसमोर बोलायचं म्हटलं की तिचीच घडी व्हायची. चार जणांत ती छान बोलायची, एखाद्याची फिरकीही घ्यायची. मात्र माणसं रांगेनं समोर बसली आणि सगळ्यांचे डोळे तिच्याकडे वळले की तोंडाला कोरड पडायची, छातीत धडधडायचं, आणि पाठ असलेलं वाक्य कुणी पुसून टाकल्यासारखं नाहीसं व्हायचं. त्यामुळे तिनं बनवलेल्या खोक्यांविषयी गिऱ्हाइकांपुढे बोलायचा विक्री विभागातला एक गृहस्थ. त्याला सगळे रेडिओ म्हणायचे. एकदा सुरू झाला की खुंटी पिळल्याशिवाय बंद व्हायचा नाही. तिनं खोके करावेत आणि त्यानं बोलावं, ही वाटणी दोघांनाही मानवली होती.

मग औषधाच्या बाटल्या बनवणारी एक कंपनी आली. त्यांच्या काचेच्या बाटल्या वाटेत फुटत होत्या, आणि फुटायच्या त्या बहुतेक खोक्याच्या खालच्या कोपऱ्यातल्या. घडीताईनं नवा खोका केला. त्याच पुठ्ठ्याला तळाशी दुहेरी घडी घालून मध्ये पोकळी ठेवली, म्हणजे खोका कोपऱ्यावर आपटला तर आधी ती पोकळी चेपेल आणि बाटलीपर्यंत धक्का पोचणार नाही. खोका फार देखणा झाला होता. तिला स्वतःलाच तो पुन्हा पुन्हा उघडून बघावासा वाटायचा.

बैठकीत रेडिओनं नेहमीप्रमाणे बहार उडवली. मग त्या कंपनीच्या खरेदीप्रमुख बाईंनी चष्मा डोक्यावर सरकवला आणि विचारलं, की गोदामात हे खोके एकावर एक रचतात, तळाला पोकळी असेल तर सगळ्यात खालचा खोका दबणार नाही का? रेडिओ क्षणभर अडखळला आणि मग त्यानं ठोकून दिलं, की काळजी नको, आम्ही जाड पुठ्ठा वापरू. बाई म्हणाल्या, म्हणजे किंमतही वाढणार. मग आमचा जुनाच खोका काय वाईट?

घडीताई मागच्या भिंतीपाशी खुर्चीवर बसली होती. उत्तर तिच्या जिभेवर होतं. जाड पुठ्ठ्याची काही गरज नव्हती. वरचं ओझं तळ पेलतच नाही. ते पेलतात उभ्या भिंती आणि आतले कप्पे, आणि त्यांच्या पुठ्ठ्याच्या दोन थरांमधल्या नागमोडी पन्हाळ्या तिनं मुद्दाम उभ्या ठेवल्या होत्या. हे तिनं दाबयंत्रात घालून तपासलंही होतं. एवढं सांगायला फक्त उठायचं होतं. तिनं खुर्चीचे हात धरले, श्वास छातीत अडकला, आणि ती उठेपर्यंत मंडळी कागद आवरून उभी राहिली होती.

त्या दिवशी ती घरी आली ती स्वतःवरच चिडून. रागावण्यासारखं दुसरं कुणी नव्हतं, हीच अडचण होती.

चार दिवसांनी विभागप्रमुखांनी तिला बोलावलं. त्यांनी त्या बाईंना गळ घालून पुन्हा एक बैठक मिळवली होती, दोन आठवड्यांनंतरची. "या वेळी तुम्ही बोलायचं," ते म्हणाले. "खोका तुमचा आहे. त्याला काय दुखतं-खुपतं ते तुम्हालाच ठाऊक."

तिनं मान हलवली. ती होकाराची होती की नकाराची, हे तिचं तिलाही कळलं नाही. बाहेर येऊन जिन्यात उभी राहिली तेव्हा बोटं बर्फासारखी गार पडली होती.

संध्याकाळी ती घरी न जाता थेट नणंदेकडे गेली, तेही दवाखान्यात. नणंद प्रसूतिकक्षात परिचारिका होती. वयानं लहान, पण हुकमत अशी की मोठे डॉक्टरही तिला विचारून चहा घ्यायचे. कौतुक करायचं असो की चिडवायचं, घडीताई तिला जुन्या पद्धतीनं वन्सं म्हणायची. त्या दिवशी ती वन्संकडे आजारपणाचा दाखला मागायला गेली होती. कुणातरी डॉक्टरांना सांग, त्या आठवड्यात मला काहीतरी झालंय असं लिहून द्यायला, एवढीच तिची विनंती.

"काय लिहायला सांगू?" नणंद म्हणाली. "घशाला कुलूप लागलंय?"

घडीताईला हसू आलं आणि लगेच रडूही. नणंदेनं तिला परिचारिकांच्या खोलीत नेलं, पाणी दिलं आणि शांतपणे विचारलं, नक्की काय होतं ते सांग. धडधड, कोरडं तोंड, गार बोटं, थरथरणारे गुडघे, सगळं ऐकून घेतल्यावर ती म्हणाली, की हा आजार नव्हे. धोका दिसला की अंग असंच तयार होतं, पळायला नाहीतर लढायला. तुझ्या अंगाला वाटतंय समोर वाघ बसलाय. ते बिचारं आपलं काम चोख करतंय, फक्त समोर वाघ नाही, चष्मेवाली बाई आहे, हे त्याला कुणी सांगितलेलं नाही.

"मग सांगायचं कसं?"

"श्वासानं. हृदयाला 'सावकाश चाल' असं थेट सांगता येत नाही. श्वासाला सांगता येतं. मी रोज इथे तेच करते. कळ आली की बाया श्वास कोंडून धरतात आणि मग जास्त घाबरतात. आधी सोड म्हणते मी. घ्यायचं आपोआप होतं."

घडीताईला वाटलं, एवढंच ना. दीर्घ श्वास घ्या, हे तर सगळेच सांगतात. ती ताठ बसली आणि छाती फुगवून भराभर मोठमोठे श्वास घ्यायला लागली. थोड्याच वेळात तिला गरगरलं, ओठांना आणि बोटांना मुंग्या आल्या. ती घाबरून म्हणाली, की बघ, आता तर चक्करच यायला लागली.

नणंद हसली नाही. हीच चूक सगळे करतात, ती म्हणाली. भराभर मोठे श्वास घेतले की गरज नसताना हवा आतबाहेर होते, त्यानंच चक्कर येते आणि भीती आणखी वाढते. श्वास मोठा नको, सावकाश हवा. तिनं वहिनीचा एक हात छातीवर आणि एक पोटावर ठेवला. वरचा हात जवळजवळ हलू द्यायचा नाही, खालचा हलला पाहिजे. नाकानं आत घेताना मनात चारपर्यंत मोजायचं, आणि सोडताना ओठांचा चंबू करून, गरम दुधावर हळूच फुंकर घालावी तसं, सहापर्यंत. सोडणं घेण्यापेक्षा लांब. खांदे खाली. जबडा सैल.

पहिल्यांदा जमलं नाही. मग थोडं जमलं. दारापलीकडून एका बाईचं कण्हणं ऐकू येत होतं, त्यावर दुसऱ्या परिचारिकेचा आवाज, सोडा, सोडा, हळू सोडा. घडीताई खोलीत बसून त्याच सूचनेवर श्वास सोडत राहिली. हळूहळू बोटांत ऊब आली.

निघताना नणंदेनं तिला बजावलं, की हे त्याच दिवशी काढायचं औषध नाही. रोज करायचं, भीती नसताना, भांडी घासताना, बसची वाट बघताना. अंगाला वाट ओळखीची झाली की ऐन वेळी ते तिच्यावर आपणहून वळतं. "आणि वहिनी, धडधड पूर्ण थांबेल अशी आशा ठेवू नकोस. थोडी राहीलच. राहू दे. तिच्यासकट बोलायचं."

दाखल्याचा विषय पुन्हा निघाला नाही.

श्वासाचं गाडं रुळावर आलं, पण बोलण्याचं काय? घडीताईनं सगळं भाषण लिहून काढलं आणि अक्षर न् अक्षर पाठ केलं. रविवारी सकाळी घरच्यांना समोर बसवलं. श्रोते दोनच, नवरा आणि सासरे. सासऱ्यांना उघड्या डोळ्यांनी झोपायची सिद्धी होती. सुरुवात झकास झाली. अर्ध्यावर सासरे जागे झाले आणि त्यांनी विचारलं, "सूनबाई, पण बाटल्या रिकाम्या की भरलेल्या?"

प्रश्न चांगलाच होता. तिनं उत्तर दिलंही. पण पुढचं वाक्य काही केल्या सापडेना. ती मागे गेली, तरी सापडेना. शेवटी "नमस्कार"पासून पुन्हा सुरू करावं लागलं. सासरे म्हणाले, की हे मी मघाशी ऐकलंय.

नवरा पोट धरून हसला, आणि मग तिचा चेहरा बघून चहा ठेवायला उठला.

दुसऱ्या दिवशी कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत रेडिओ तिच्या टेबलापाशी आला. त्या बैठकीपासून दोघांनी एकमेकांना टाळलंच होतं. तो उभाच राहिला, आणि पडेल आवाजात म्हणाला, की त्या दिवशी मला उत्तर येत नव्हतं. तुम्हाला विचारतो, एवढं म्हणायला हवं होतं. पण थांबलो तर सगळं संपेल असं वाटलं. तिनं आश्चर्यानं विचारलं, तुम्हालाही असं वाटतं?

"दर वेळी," तो म्हणाला. "आधी मी स्वच्छतागृहात जाऊन गार पाण्यानं मनगटं धुतो. तुम्हाला वाटतं मी जन्मापासून असा बडबडतोय? घरी आरशापुढे घसा बसेपर्यंत बोलतो, तेव्हा इथे तोंड उघडतं."

तिनं त्याला नणंदेनं शिकवलेली फुंकर करून दाखवली आणि रविवारची फजिती सांगितली. त्यानं कपाळावर हात मारला. सगळं पाठ करायचंच नाही, तो म्हणाला. पाठ केलेलं म्हणजे मण्यांची माळ, एक धागा तुटला की सगळे मणी जमिनीवर. पाठ करायची फक्त पहिली दोन वाक्यं, कारण तेव्हा डोकं ठिकाणावर नसतं, आणि शेवटचं एक, म्हणजे नीट थांबता येतं. मधे थांबे ठरवायचे, बसच्या मार्गासारखे. थांबा चुकवायचा नाही, पण एका थांब्यापासून दुसऱ्यापर्यंत रोज वेगळ्या शब्दांत गेलं तरी चालतं. कुणी मधेच उतरवलं तर पुढच्या थांब्यावरून बसायचं.

तिचे थांबे ठरले. बाटली कुठे फुटते, का फुटते, नवी घडी काय करते, ओझं कोण पेलतं. एवढंच. लिहिलेलं भाषण तिनं फाडून टाकलं. फाडताना हात थोडा थबकला खरा.

मग तालमी सुरू झाल्या. मनातल्या मनात नाही, मोठ्यानं आणि उभं राहून. आधी रिकाम्या भिंतीपुढे. मग फोनवर आवाज मुद्रित करून, तो ऐकताना तिला कानात बोटं घालावीशी वाटली. पण त्यातून तिला कळलं, की वाक्याच्या शेवटी ती आवाज गिळते आणि धापा टाकत पुढच्या वाक्यात शिरते. नणंद फोनवरच म्हणाली, की पूर्णविराम आला की तोंड मिट आणि नाकानं श्वास घे. तुला तो थांबा युगासारखा वाटेल, ऐकणाऱ्याला कळणारही नाही. मग घरी नवऱ्यापुढे, मग नमुना विभागातल्या दोघींपुढे. प्रत्येक वेळी सुरुवातीला धडधड व्हायची, आणि प्रत्येक वेळी ती आधीपेक्षा लवकर ओसरायची.

बैठकीची खोली रिकामी असेल तेव्हा रेडिओ तिला तिथेच न्यायचा. त्या दिवशी घालायच्या चपला घालून ती उभी राहायची, दार कुठे, पाण्याचा पेला कुठे, पडदा कुठे, सगळं अंगवळणी पाडायची. रेडिओ समोरच्या खुर्चीत बसून चष्मा डोक्यावर सरकवायचा आणि खरेदीप्रमुख बाई व्हायचा. तो मुद्दाम मधे बोलायचा, जांभया द्यायचा, फोन घ्यायचा, उलटसुलट प्रश्न विचारायचा. एकदा त्यानं विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर तिला खरोखरच येत नव्हतं. ती गोंधळली. त्यावर दोघांनी मिळून एक वाक्य तयार केलं, "हे मी अजून तपासलेलं नाही, तपासून कळवते." हे वाक्य तिनं इतक्यांदा म्हटलं, की शेवटी त्याची लाज वाटेनाशी झाली.

बैठकीचा दिवस उजाडला. सकाळी नेहमीचा चहा तिनं अर्धाच घेतला. कारखान्यात पोचल्यावर कळलं, की खरेदीप्रमुख बाई एकट्या आलेल्या नाहीत. बरोबर त्यांच्या गोदामाचे व्यवस्थापक होते, आणखी काही अनोळखी माणसं होती, आणि घडीताईच्या कारखान्याचे मोठे साहेबही येऊन बसले होते. खोली भरली होती.

ती जिन्यात गेली. भिंतीला पाठ टेकली, हात पोटावर ठेवला, आणि आधी आत होता तेवढा श्वास सोडला. मग चार, मग सहा. पुन्हा. धडधड थांबली नाही, पण घोडा चौखूर उधळायचा थांबून दुडक्या चालीवर आला. तिला नणंदेचं बोलणं आठवलं, तिच्यासकट बोलायचं. ती मनाशी म्हणाली, हे अंग तयार झालंय, असू दे तयार, आज कामच मोठं आहे.

ती आत गेली, टेबलाच्या टोकाशी उभी राहिली, दोन्ही पावलं जमिनीवर नीट रोवली. लगेच बोलली नाही. एक श्वास सोडला, आणि पाठ केलेली दोन वाक्यं म्हणाली.

"तुमच्या बाटल्या खोक्याच्या मध्यात फुटत नाहीत, कोपऱ्यात फुटतात. तो कोपरा कसा वाचवायचा, ते मी तुम्हाला दाखवणार आहे."

आवाज थोडा कापला, पण शेवटपर्यंत पोचला. पहिला थांबा गेला, दुसरा गेला. तिनं फुटलेल्या बाटलीचा खोका उघडून दाखवला तेव्हा गोदामाचे व्यवस्थापक पुढे झुकले, आणि ते झुकलेले बघून तिला बरं वाटलं. तिच्या हातात पुठ्ठा आला होता, आणि पुठ्ठा हातात असला की बोटांना काय करायचं ते सांगावं लागत नसे.

नवी घडी दाखवता दाखवता दार धाडकन उघडलं. कुणीतरी मोठ्या साहेबांना निरोप द्यायला आलं, खुर्च्या सरकल्या, कुजबुज झाली. निरोप देणारा गेला. सगळे डोळे पुन्हा तिच्याकडे वळले. आणि तिच्या डोक्यात काहीच नव्हतं. पांढरं, स्वच्छ, नुसतं पांढरं.

मागे रेडिओ बसला होता. त्याच्या तोंडावर तिचं वाक्य आलेलं तिला दिसलं. त्यानं ते गिळलं आणि ओठांचा चंबू करून हळूच फुंकर घातली.

घडीताईनं पेला उचलला. एक घोट घेतला. पेला खाली ठेवता ठेवता तिनं श्वास सोडला, पूर्ण, सावकाश, आणि आपोआप नवा आत आला. तिला ती शांतता अख्ख्या दुपारएवढी लांब वाटली. समोर मात्र कुणी हललंही नाही. त्यांना वाटलं, बाईंना तहान लागली. तिनं वाक्य शोधलंच नाही. थांबा शोधला. ओझं कोण पेलतं.

"आता मागच्या वेळी तुम्ही विचारलेल्या प्रश्नाकडे येते," ती खरेदीप्रमुख बाईंना म्हणाली, आणि इथून पुढे तिचा आवाज कापला नाही. तिनं खोक्याची एक भिंत फाडून आतल्या उभ्या पन्हाळ्या दाखवल्या. वरचं ओझं या पेलतात, तळ नव्हे, म्हणून पुठ्ठा जाड करायची गरज नाही. तपासणीचे आकडे तिनं कागदात न बघता सांगितले. मग तिनं भरलेल्या बाटल्यांचा खोका उचलला, कोपरा खाली धरला, आणि सगळ्यांदेखत सोडून दिला.

धप्प आवाज झाला. खरेदीप्रमुख बाईंनी स्वतः उठून खोका उघडला, एकेक बाटली उजेडाकडे धरून बघितली. एकही तडकली नव्हती.

मग प्रश्नांचा पाऊस पडला आणि ती त्यात उभी राहिली. बाई म्हणाल्या, आमचं एक गोदाम ओलसर आहे, ओलीत पुठ्ठा नरम पडतो, त्याचं काय? तिनं सांगितलं, की खरं आहे, ताकद कमी होते. दमट खोलीत ठेवून तपासलंय, तुम्ही रचता तेवढ्या उंचीला तरीही पुरते. पण तुमच्या गोदामात पावसाळाभर ठेवले तर काय होईल, हे मी अजून तपासलेलं नाही. तपासून कळवते.

खरेदीप्रमुख बाईंनी चष्मा डोळ्यांवर घेतला.

"हे असं सरळ सांगणारी माणसं आम्हाला फार भेटत नाहीत," त्या म्हणाल्या. "तुम्ही तपासा. तोवर दोन गोदामांसाठी सुरुवात करू या."

शेवटचं वाक्य पाठ होतं, ते तिनं म्हटलं आणि खाली बसली. बसल्यावर गुडघे थरथरले, पण आता थरथरायला त्यांना मोकळीक होती. मोठ्या साहेबांनी दोन्ही हात वर करून टाळ्या वाजवल्या, आणि बाकीच्यांनीही. रेडिओ सगळ्यात मोठ्यानं वाजवत होता.

बाहेर आल्यावर तो तिला म्हणाला, की माझी नोकरी गेली म्हणायची. ती म्हणाली, की छे, बोलायला माणसं लागतातच, यापुढे दोघं मिळून बोलू. आणि तसंच ठरलं. पुढच्या प्रत्येक गिऱ्हाइकापुढे खोका तिनं दाखवला, दराचं तो बोलला.

दवाखान्यात फोन केला तेव्हा नणंद कामात होती. तिनं एवढंच विचारलं, "सोडलास ना श्वास?" "सोडला," घडीताई म्हणाली, आणि मागे एका नव्या बाळानं टाहो फोडला, तशी दोघीही हसायला लागल्या.

घरी त्या संध्याकाळी तिनं सगळी बैठक करून दाखवली. बाईंचा चष्मा, दाराचा धाडकन आवाज, पांढरं झालेलं डोकं, पडलेला खोका. सासरे पूर्ण वेळ जागे होते. संपल्यावर नवरा म्हणाला, "परत एकदा."

पुढच्या महिन्यात बाटल्यांच्या कंपनीतून निरोप आला. खोके नीट कसे भरायचे, हे त्यांच्या सगळ्या कामगारांना एकत्र बोलावून समजावून सांगायला या. मोठं सभागृह, ध्वनिक्षेपक, पायऱ्या चढून व्यासपीठ. विभागप्रमुखांनी विचारलं, कुणाला पाठवू?

घडीताईच्या छातीत धडधडलं. तिनं एक श्वास सावकाश सोडला.

"मी जाते," ती म्हणाली, "फक्त सभागृह आदल्या दिवशी एकदा बघू द्या."